बांगड्याचा वास: लिंबू कुठे चालतं, दूध कुठे

"ताई, माझं माहेर सांगलीकडचं, घरी मासे कधी शिजले नाहीत. लग्न होऊन फोंड्याला आले आणि आता शिकते आहे. सासूबाई बांगड्याला मीठ आणि आगळ लावतात, जाऊबाई म्हणतात दुधात भिजव. परवा मी बांगडे लिंबाच्या रसात दोन तास ठेवले, तर ते पांढरे पडले, तव्यावर मोडले आणि वास तरी राहिलाच. हात साबणाने धुतले की वास उलट वाढल्यासारखा वाटतो. मासळीला हा वास कशाने येतो आणि तो घालवायचा नेमका उपाय कोणता?" — अ., फोंडा

प्रिय अ.,

सासूबाई आणि जाऊबाई दोघींचंही बरोबर आहे, फक्त त्या दोन वेगवेगळ्या वासांबद्दल बोलत आहेत. बांगड्याला एक नाही, दोन वास असतात. एक लिंबाने किंवा आगळाने आटोक्यात येतो, दुसऱ्यावर लिंबाचा काहीच इलाज चालत नाही. तुमच्या तव्यावर जो उरला तो बहुधा दुसरा. पण आधी पहिल्याकडे बघू, कारण 'मासळीचा वास' म्हणून आपण नाक मुरडतो तो मुख्यतः हाच.

समुद्रातल्या माशाला आयुष्यभर खाऱ्या पाण्यात राहायचं असतं. त्या खारेपणात पेशींतलं पाणी सांभाळायला आणि प्रथिनांची घडी मोडू न द्यायला त्याच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण त्याला नुसतं 'ऑक्साइड' म्हणू. या ऑक्साइडला वास नसतो. म्हणूनच होडीतून नुकत्याच उतरवलेल्या बांगड्याला नाक लावलंत तर समुद्राचा, थोडा हिरवट, काकडीच्या सालीसारखा वास येतो. तो त्रासदायक नसतो. गोड्या पाण्यातल्या माशांत हे ऑक्साइड जवळजवळ नसतंच. तळ्यातल्या माशाला येतो तो चिखलाचा वास, तो वेगळ्याच पदार्थाचा.

मासा मेला की त्याच्या कातडीवरचे, कल्ल्यांतले आणि पोटातले जिवाणू मोकाट सुटतात. जिवंतपणी मांस स्वच्छ असतं, आता ते त्यात शिरू लागतात. आत प्राणवायू कमी पडला की त्यांतले काही जिवाणू या ऑक्साइडमधला प्राणवायू काढून घेऊन आपलं काम चालू ठेवतात. प्राणवायू गेला की मागे उरतं ते ट्रायमिथाइलअमाइन, आपल्यापुरतं 'अमाइन'. ते तीन-चार अंश सेल्सिअसलाच उकळतं, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात त्याची हवेत उडायची तयारी कायम असते, आणि अगदी लेशभर असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. बर्फात गाडलेल्या माशात हे हळूहळू, दिवसांच्या हिशोबाने घडतं. बाजाराच्या ओट्यावर उन्हात पडलेल्या माशात तासांच्या हिशोबाने. त्यामुळे मासळीची प्रतवारी करणाऱ्या प्रयोगशाळा मासा किती शिळा आहे हे पाहायला हेच अमाइन मोजतात.

आता लिंबू काय करतं ते डोळ्यांनी, म्हणजे खरं तर नाकाने, तपासून बघा. पुढच्या वेळी बांगडे साफ केल्यावर पहिलं धुतलेलं पाणी टाकून देऊ नका. दोन वाट्यांत थोडं थोडं घ्या. एका वाटीत चिमूटभर खायचा सोडा घालून ढवळा आणि वास घ्या: एकदम भपकारा येईल. दुसऱ्या वाटीत अर्धं लिंबू पिळा: वास बराच खाली बसेल. मग सोड्याच्या वाटीतही लिंबू पिळा. आधी फसफसेल, त्या बुडबुड्यांबरोबर थोडा वास आणखी वर येईल. फसफस थांबेपर्यंत रस घालत राहा आणि मग पुन्हा नाक न्या. तोच भपकारा दबलेला असेल. अमाइन कुठे गेलेलं नाही, वाटीतच आहे. फक्त त्याचं रूप बदललं.

कारण असं की अमाइन हा अल्कधर्मी पदार्थ आहे. आम्ल भेटलं की तो त्याच्याकडून एक हायड्रोजन घेतो आणि त्याचा क्षार होतो, म्हणजे मिठासारखा पदार्थ. मीठ जसं पाण्यात विरघळतं पण हवेत उडत नाही, तसंच याचंही. हवेत उडणार नाही म्हणजे नाकापर्यंत पोहोचणार नाही. किती फरक पडतो याचा अंदाज देते. माशाच्या मांसाचा पीएच साधारण साडेसहा असतो. तिथे अमाइनच्या दर दोन हजार कणांतला एखादाच उडायला मोकळा असतो. लिंबू लावून पृष्ठभाग साडेचारच्या आसपास आणलात तर दोन लाखांत एक मोकळा. म्हणजे शंभर पटींनी कमी. उलट दिशेने बघा: अंगाच्या साबणाचा फेस नऊ-दहाच्या घरात असतो, आणि पीएच ९.८ ला बरोबर अर्धे कण मोकळे होतात. तुमच्या हातांचं गूढ एवढंच आहे. साबण लावून तुम्ही क्षार पुन्हा अमाइन करता आणि तो सरळ नाकात येतो.

यातून स्वयंपाकाचा एक नियम निघतो आणि बहुतेक जणी नेमक्या तिथेच चुकतात. आम्ल वासाला बांधतं, नाहीसा करत नाही. बांधलेला क्षार पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी ओतून टाकायला हवं. लिंबू लावून मासा त्याच्याच पाण्यात ठेवला आणि तसाच मसाला चोपडला तर सगळं जागच्या जागीच राहतं. दुसरं म्हणजे आम्लाला मांसात खोल जायला घाई नसते. पहिल्या दहा मिनिटांत ते वरच्या पातळ थरातच काम करतं, आणि जिवाणूंनी केलेलं बहुतेक अमाइनही तिथेच, कातडीवर, पोटाच्या पोकळीत आणि कल्ल्यांच्या जागी असतं. दोन तासांत वासाला फारसा फायदा होत नाही, पण मांसाच्या प्रथिनांची घडी उलगडते, ती एकमेकांना चिकटून घट्ट होतात आणि आतलं पाणी बाहेर ढकलतात. पांढरेपणा त्याचीच खूण. असा मासा न शिजवताच अर्धा शिजल्यासारखा असतो, म्हणून तव्यावर उलथताना भुगा होतो.

आता दुसरा वास. बांगडा तेलकट मासा आहे, आणि ते तेल हवेने चटकन खवट होतं. उघड्यावर राहिलेल्या शेंगदाण्याच्या कुटाला जो वास येतो, त्याच जातीचा, पण जास्त उग्र. त्याला कारणीभूत असतात आल्डिहाइड नावाचे पदार्थ. ते अल्कधर्मी नसतात, त्यामुळे आम्लाशी त्यांचं काही घडत नाही आणि कितीही लिंबू पिळलं तरी ते तिथेच राहतात. बांगडा मधोमध कापून त्याच्या कुशीकडे बघा. पांढुरक्या मांसात कातडीलगत एक काळपट तांबूस पट्टा दिसतो. सतत पोहणाऱ्या माशाचे हे कामाचे स्नायू. तिथे तेल जास्त, रक्ताचं लोहही जास्त, आणि लोहामुळे तेल खवट होण्याचा वेग वाढतो. बांगडा, तारली अशा माशांत ते ऑक्साइडही याच पट्ट्यात सर्वांत जास्त असतं. म्हणजे दोन्ही वासांचं घर एकच. इसवणाच्या तुकडीला बांगड्याइतका वास का येत नाही, याचं अर्धं उत्तर तिच्या पांढऱ्या मांसात आहे.

तर चार मध्यम बांगडे, साधारण अर्धा किलो, तळायचे आहेत असं धरून चला. पहिलं काम विळीवरचं, आणि माझ्या मते निम्मा वास इथेच जातो. कल्ले पूर्ण ओढून काढा, पोट साफ करा, आणि मग बोटाने पाठीच्या कण्याखालून चाचपा. तिथे काळपट रक्ताची एक रेघ पडद्याखाली लपलेली असते. पडद्यावर नखाने चीर द्या, नळाच्या गार पाण्याखाली अंगठ्याने ती खरवडून काढा. पोटाच्या आतलं काळं अस्तरही पुसून घ्या. ही रेघ राहिली तर पुढचं सगळं वाया. नंतर दोन्ही बाजूंना दोन-तीन तिरक्या चिरा द्या, म्हणजे आम्ल काळपट पट्ट्यापर्यंत पोहोचेल.

आता दोन लहान चमचे मीठ आणि एका मध्यम लिंबाचा रस बांगड्यांना आतून बाहेरून, चिरांतून चोळा आणि दहा मिनिटं ठेवा. लिंबाऐवजी माडाचं विनेगर दोन मोठे चमचे किंवा आगळ तेवढंच चालेल. आगळ वापरलंत तर मीठ कमी घ्या, त्यात आधीच असतं. मीठ मांसातलं थोडं पाणी बाहेर खेचतं आणि त्याबरोबर बुळबुळीतपणाही सुटतो. दहा मिनिटांनी ताटलीत साठलेलं गढूळ पाणी ओतून द्या, बांगडे गार पाण्यातून एकदाच झरकन काढा आणि स्वच्छ फडक्याने आत-बाहेर टिपून कोरडे करा. मगच हळद, तिखट, मीठ आणि पुन्हा हवं तर थोडं आगळ लावा, रव्यात घोळवा आणि लगेच तव्यावर टाका. हे दुसरं आम्ल चवीसाठी आहे. ते थोडंच आहे आणि लगेच तव्यावर जातं म्हणून मांस मोडत नाही. तव्यावर मासा पूर्ण कोरडा गेला पाहिजे. ओला गेला तर आधी त्याची वाफ होते, आणि त्या वाफेबरोबर अमाइन घरभर पसरतं.

हुमण करणार असाल तर धुवून टाकायचा हा सगळा खटाटोप निम्मा करता येतो, कारण तिथे आम्ल शेवटपर्यंत माशाबरोबर राहतं. सोलं किंवा चिंच मासा घालायच्या आधी रसात पडली पाहिजेत. मासा उकळताना मोकळं अमाइन वाफेवर निघून जातं, शिवाय उष्णतेने थोडं ऑक्साइड मोडून नवं अमाइनही तयार होतं. रस आधीच आंबट असेल तर ते जन्मतःच बांधलं जातं. सोलं शेवटी घातली तर चव येईल, पण तोवर वास खिडकीबाहेर शेजाऱ्यांकडे पोहोचलेला असेल. तेफळं, आलं, लसूण यांचं काम वेगळं. ती अमाइनला हात लावत नाहीत, स्वतःचा वास पुढे करतात. बांगड्याच्या हुमणात तेफळं मला हवीतच, पण ती वासावरचा उपाय म्हणून धरू नका.

जाऊबाईंच्या दुधाबद्दल. दुधाचा पीएच पावणेसातच्या जवळ असतो, म्हणजे जवळजवळ माशाइतकाच. तेव्हा दूध आम्लासारखं अमाइनला बांधू शकत नाही. त्याचं काम दुसऱ्या वाटेने चालतं. एक तर ते धुतं. शिवाय त्यातल्या स्निग्धांशाचे बारीक थेंब ते खवट, तेलात विरघळणारे आल्डिहाइड स्वतःत ओढून घेतात, जे साध्या पाण्याला किंवा लिंबाला जमत नाही. दुधातलं केसिन हे प्रथिनही वासाचे कण धरतं असं मानलं जातं, आणि दुधाचं बरंचसं श्रेय सहसा त्यालाच दिलं जातं. म्हणून तेलकट किंवा फ्रीझरमध्ये बरेच दिवस राहिलेल्या माशाला दूध उपयोगी पडतं. अर्धा किलो तुकड्यांना साय न काढलेलं गार दूध, तुकडे जेमतेम बुडतील इतकं, आणि वीस मिनिटं फ्रिजमध्ये. नंतर दूध फेकून द्यायचं, ते दुसऱ्या कशात वापरायचं नाही. तुकडे धुवून कोरडे टिपा. लिंबू लावून न धुता दुधात घालू नका. दूध नासून त्याच्या गुठळ्या चिरांत चिकटतील आणि तव्यावर जळतील. दोन्ही करायचं तर आधी दूध, मग धुणं, मग आम्ल.

माझी स्वतःची पसंती ताकाला आहे. ताजं, बिनमिठाचं, फार पातळ नसलेलं ताक आंबट असतं, पीएच साडेचारच्या आसपास, म्हणून ते अमाइन बांधतं. आणि त्यातल्या प्रथिनांचा व थोड्या स्निग्धांशाचा फायदाही मिळतो. लिंबाइतकं तिखट आम्ल नसल्याने पंधरा-वीस मिनिटांत मांस पांढरं पडत नाही. नवशिक्या हाताला ते जास्त माफ करतं. आपल्याकडे पुष्कळ घरांत मासे आणि दूध-दही एकत्र आणत नाहीत, आयुर्वेदातही मासे आणि दूध हा विरुद्ध आहार म्हणून सांगितला आहे. सासूबाईंना ते पटत नसेल तर त्यांच्याशी या विषयावर वाद घालू नका. आगळ आणि नीट खरवडलेली रक्ताची रेघ एवढ्यावर ताज्या बांगड्याचं काम पूर्ण भागतं.

मोरीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण फोंड्याच्या बाजारात ती कधीतरी हाती येईलच. शार्क कुळातल्या माशांच्या मांसात ऑक्साइडबरोबर भरपूर युरियाही असतो. मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात, म्हणून शिळ्या मोरीला नाक चुरचुरवणारा वास येतो. अमोनियाही अल्कधर्मीच, त्यालाही आम्ल बांधतं. गोव्यात मोरीचं आंबट-तीखच का करतात आणि त्यात आंबटाचा हात सैल का असतो, ते यावरून लक्षात येईल.

एका बाबतीत मात्र कडक राहा. वास कमी करणं म्हणजे मासा ताजा करणं नव्हे. बांगड्याच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा बर्फाबाहेर राहिला की काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. त्याला वास नसतो, ते शिजवून मोडत नाही, आणि लिंबू, आगळ, दूध यांतल्या कशानेही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, कधी उलट्या-जुलाब होतात. असं काही झालं, विशेषतः श्वास लागला, तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरकडे जा. १ जून ते ३१ जुलै ही गोव्यात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीची बंदी असते, तेव्हा बाजारातला पुष्कळ मासा बाहेरून बर्फात येतो. त्या दोन महिन्यांत नाकापेक्षा बोटावर विश्वास ठेवा: पोट दाबल्यावर खड्डा लगेच भरून आला पाहिजे, कल्ले लालभडक हवेत, डोळे फुगीर आणि चकचकीत. कल्ला उचलल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा वास आला, किंवा पोट फुटलेलं दिसलं, तर तो बांगडा घरी आणून लिंबात घालायचा नाही, तिथेच ठेवायचा. बाजारातून घरापर्यंत पिशवीत थोडा बर्फ मागून घ्या आणि घरी आल्यावर आधी मासा फ्रिजमध्ये, मग बाकीची पिशवी रिकामी.

हातांसाठी क्रम फक्त उलटा करा. आधी गार पाणी, मग पिळलेल्या लिंबाची साल किंवा भिजलेलं सोल तळहातावर, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली अर्धा मिनिट चोळायचं, पुन्हा पाण्याने धुवायचं, आणि साबण सर्वांत शेवटी. विळी, पाट आणि ओट्यालाही तोच क्रम: विनेगराचं पाणी फिरवून धुवून टाका, मग भांड्याचा साबण. विळीचं पातं मात्र लगेच कोरडं पुसा, नाहीतर आम्लाने त्यावर गंज धरेल.